नोटीस आल्यावर भरलेले रिटर्न: कोणता तोटा बुडतो, कोणता टिकतो

प्रश्न: नोकरी करतो, वर्षाचा पगार ११,४०,००० रुपये. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये एफ अँड ओमध्ये ३,२०,००० आणि इंट्राडेमध्ये ४५,००० रुपये तोटा झाला. डिलिव्हरीचे शेअर विकून १,८०,००० अल्पकालीन तोटा झाला, इक्विटी फंडात ९०,००० दीर्घकालीन नफा. एफडीचे व्याज ३८,०००. मागच्या वर्षीचे रिटर्न वेळेत भरले होते, त्यातला ६०,००० चा अल्पकालीन तोटा शिल्लक आहे. कंपनीने नवीन करव्यवस्थेप्रमाणे पूर्ण टीडीएस कापलाय, शिवाय तोटाच आहे म्हणून रिटर्न भरले नाही. आता डिसेंबर २०२५ मध्ये रिटर्न भरा असे सांगणारी कलम १४२(१) ची नोटीस आली आहे. रिटर्न भरले तर हे तोटे पुढे नेता येतील का? की भरून उपयोगच नाही?

उत्तर:

या वर्षीच्या एफ अँड ओ, इंट्राडे आणि शेअरच्या तोट्यातला जो भाग याच वर्षीच्या उत्पन्नातून वळता होणार नाही, तो पुढच्या वर्षांसाठी गेला. मागच्या वर्षीचे ६०,००० मात्र शाबूत आहेत. आणि रिटर्न भरण्याचा उपयोग आहे, तोही रुपयांत मोजता येईल असा.

आधी नोटिशीबद्दल. "तोटा झाला तरी नोटीस कशी?" हे कोडे पुष्कळांना पडते. खात्याकडे तुमचा नफा-तोटा पोहोचलेलाच नसतो, पोहोचतात ते विक्रीचे आकडे. आयकर पोर्टलवर तुमचे एआयएस, म्हणजे खात्याकडे पोहोचलेल्या व्यवहारांचे वार्षिक पत्रक, उघडून पाहा. शेअर आणि फंडाच्या विक्रीची रक्कम तिथे लाखांत दिसेल, पण ते शेअर मुळात केवढ्याला घेतले होते ते गृहीत धरायला खात्यापाशी पक्का आधार नसतो. त्यात पगार करपात्र मर्यादेच्या वर आणि रिटर्न नाही. एवढ्यावर नोटीस निघते. ती खरी आहे ना, हे आधी पाहून घ्या: नोटिशीवर डीआयएन क्रमांक असतो, तो पोर्टलच्या पहिल्या पानावर Authenticate Notice/Order Issued by ITD इथे टाकला की खात्री होते. लॉगिन केल्यावर Pending Actions मध्ये e-Proceedings खाली तीच नोटीस दिसायला हवी. रिटर्न न भरल्याची आठवण करून देणारे एसएमएस आणि मेलही येतात, पण त्यांना १४२(१) ची नोटीस म्हणत नाहीत. तुमची मात्र खरी नोटीस दिसते, आणि त्यामुळे रिटर्न कोणत्या कलमाखाली भरायचे हे बदलते.

एरवी मुदत चुकलेला माणूस कलम १३९(४) खाली उशिराचे, म्हणजे बेलेटेड रिटर्न भरतो. आकारणी वर्ष २०२५-२६ साठी, म्हणजे तुमच्या आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नसाठी, ऑडिट नसलेल्यांची मुळातली ३१ जुलैची तारीख वाढत वाढत १६ सप्टेंबर २०२५ झाली होती, आणि बेलेटेडची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ आहे. पण १४२(१) ची नोटीस हातात पडली असेल तर रिटर्नमध्ये "नोटिशीला उत्तर म्हणून" हा पर्याय निवडावा, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख टाकावी, आणि नोटिशीत दिलेल्या दिवसांच्या आत भरावे. ३१ डिसेंबरपर्यंत वेळ आहे असे समजून थांबू नका. तुमची मुदत आता नोटीस ठरवते.

या दोन वाटांत एक फरक आहे, जो लोकांना फार उशिरा कळतो. बेलेटेड रिटर्न चुकले तर मुदतीत सुधारित रिटर्न भरता येते, कारण कलम १३९(५) मध्ये १३९(१) आणि १३९(४) ही दोन्ही कलमे आहेत. १४२(१) खाली भरलेल्या रिटर्नचा त्यात उल्लेख नाही, म्हणून ते सुधारता येत नाही. तेव्हा ब्रोकरचे टॅक्स पी अँड एल, फंडाचे कॅपिटल गेन स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि एआयएस ही चारही कागदपत्रे समोर ठेवून, आकडे जुळवून मगच सबमिट करा. घाईत भरून "नंतर दुरुस्त करू" ही सोय तुम्हाला नाही.

आता तोट्याकडे वळू. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात. याच वर्षीचा तोटा याच वर्षीच्या उत्पन्नातून वळता करणे, म्हणजे सेट ऑफ, ही एक. उरलेला तोटा पुढच्या वर्षांत नेणे, म्हणजे कॅरी फॉरवर्ड, ही दुसरी. उशीर झाल्याने दुसरी गोष्ट बंद होते, पहिली होत नाही. हे लक्षात न आल्यामुळे लोक तोटा रिटर्नमध्ये दाखवतच नाहीत आणि हातची करबचत वाया घालवतात.

पुढे नेण्याची दारे बंद करते ते कलम ८०. त्याचा आशय असा की जो तोटा कलम १३९(३) प्रमाणे, म्हणजे मूळ मुदतीत भरलेल्या रिटर्नमधून ठरलेला नाही, तो पुढे नेता येत नाही. पण हे कलम सगळ्या तोट्यांना लागू नाही. त्यात ठरावीक कलमांची यादी आहे: कलम ७२ चा धंद्यातला तोटा, ज्यात एफ अँड ओ येते, ७३ चा सट्ट्याचा तोटा, ज्यात इंट्राडे येते, ७३ए चा काही विशिष्ट व्यवसायांचा, ७४ चा भांडवली तोटा, आणि ७४ए चा शर्यतीचे घोडे पाळण्याच्या धंद्यातला. घराचा तोटा ज्या ७१बी मध्ये आहे ते कलम या यादीत नाही. न वापरलेला घसारा ३२(२) खाली येतो, तोही नाही. म्हणून हे दोन तोटे रिटर्न उशिरा भरले तरी उशिराच्या कारणाने बुडत नाहीत.

घराच्या तोट्यावर लोक यामुळे निश्चिंत होतात, पण तिथे वेगळी अडचण उभी राहते. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून नवीन करव्यवस्था हीच मूळ व्यवस्था झाली आहे. जुनी हवी असेल तर ती मूळ मुदतीतच निवडावी लागते, आणि धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला त्यासाठी १०-आयईए हा फॉर्मही त्याच मुदतीत भरावा लागतो. मुदत गेली की जुनी व्यवस्था गेली. नवीन व्यवस्थेत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाचे व्याज वजाच होत नाही आणि भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. उशिराचा फटका असा दुसऱ्या बाजूने बसतो. तुमच्या कंपनीने आधीच नवीन व्यवस्था धरली होती, त्यामुळे तुमच्यासाठी इथे काही बदलत नाही. पण कंपनीला जुनी व्यवस्था सांगून टीडीएस कमी करून घेतलेला माणूस उशिरा रिटर्न भरायला बसला, की त्याच्या वजावटी निघून जातात आणि कधी कर भरावा लागतो.

तुमचे आकडे आता ओळीने मांडू.

पगारातून नवीन व्यवस्थेची ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १०,६५,००० उरतात. या रकमेला एफ अँड ओचा तोटा हात लावू शकत नाही. धंद्याचा तोटा पगारातून वळता करायला कायद्याने मनाई आहे. व्याजातून मात्र चालतो. म्हणून ३,२०,००० मधले ३८,००० एफडीच्या व्याजातून वळते होतील आणि व्याज शून्यावर येईल. हे ३८,००० जर एफ अँड ओ न दाखवता भरले असते तर तुमच्या टप्प्यात १५ टक्क्यांनी ५,७०० आणि सेससकट ५,९२८ रुपये कर बसला असता. उशिरा भरूनही हा तोटा यंदा तेवढी रक्कम वाचवतो. उरलेले २,८२,००० पुढे जाणार नाहीत.

इंट्राडेचा तोटा कायद्यात सट्ट्याचा धंदा मानला जातो आणि तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो. एफ अँड ओ मात्र मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर होत असल्याने सट्टा धरला जात नाही, म्हणून त्याला व्याजाची सवलत मिळाली. तुम्हाला यंदा सट्ट्याचा नफा नाही, तेव्हा ४५,००० पूर्ण बुडाले. वेळेत भरले असते तरी ते फक्त चार वर्षे पुढे गेले असते आणि फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळते झाले असते. तुमच्या बाकीच्या तोट्यांना आठ वर्षे मिळाली असती.

भांडवली बाजू जरा नीट समजून घ्या. अल्पकालीन तोटा अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही नफ्यांतून वळता होतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच. तुमचे १,८०,००० आधी फंडाच्या ९०,००० दीर्घकालीन नफ्यातून वळते होतात आणि तो नफा शून्य होतो. इथे मन खट्टू होते, कारण १,२५,००० पर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर तसाही कर नव्हता. पण चालू वर्षाचा सेट ऑफ आधी होतो आणि सूट त्यानंतर उरलेल्या नफ्यावर लागते. तोटा बाजूला ठेवून सूट वापरतो असे म्हणता येत नाही. राहिले ९०,०००. हे पुढे जाणार नाहीत. पुढे कधी तेवढाच २० टक्के दराचा अल्पकालीन नफा झाला असता, तर यावर सेससकट १८,७२० रुपये वाचले असते. उशिराची किंमत या रकमेत तुम्हाला सर्वांत स्पष्ट दिसेल.

मागच्या वर्षीचे ६०,००० या सगळ्यापासून अलिप्त आहेत. ते आकारणी वर्ष २०२४-२५ मध्ये वेळेत भरलेल्या रिटर्नमधून ठरलेले आहेत. कलम ८० बघते ते तोटा ज्या वर्षी झाला त्या वर्षीचे रिटर्न. यंदाचे उशिरा भरल्याने जुना हक्क जात नाही. यंदा त्यांना वळते करायला भांडवली नफा उरलाच नाही, म्हणून ते तसेच पुढे जातील, आकारणी वर्ष २०३२-३३ पर्यंत. फक्त रिटर्नमध्ये त्यांची नोंद करायला विसरू नका. रिटर्नमधून एखाद्या वर्षी जुना तोटा गाळला गेला की पुढच्या वर्षी त्याचा माग काढताना फार त्रास होतो.

आता कर. १०,६५,००० वर नवीन व्यवस्थेच्या टप्प्यांप्रमाणे ५९,७५० आणि ४ टक्के सेस २,३९० मिळून ६२,१४० रुपये होतात. पूर्ण टीडीएस कापला म्हणता, तेव्हा फॉर्म १६ आणि २६एएसमध्ये हाच आकडा दिसायला हवा. तसे असेल तर बाकी कर शून्य, त्यामुळे २३४ए चे दरमहा १ टक्का व्याजही नाही. पण कलम २३४एफ ची उशिराची फी ५,००० रुपये लागेल. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असते तर ती १,००० असती. ही फी रिटर्न सबमिट करण्याआधी स्वयंआकारणी कराच्या चलनाने भरा आणि चलनाचा तपशील रिटर्नमध्ये टाका.

फॉर्मची निवड चुकवू नका. एफ अँड ओ आणि इंट्राडे आहे म्हणजे धंदा आहे, तेव्हा आयटीआर-३. "तोटा बुडणारच आहे तर एफ अँड ओ कशाला दाखवू, आयटीआर-२ भरतो" असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकलेत तर व्याजाचे ३८,००० करपात्र होतात, आणि खात्याला दिसणारे व्यवहार तुमच्या रिटर्नमध्ये नसतील, तेही नोटीस चालू असताना. एफ अँड ओची उलाढाल लिहिताना निव्वळ तोटा लिहू नका. फायद्याच्या सौद्यांची बेरीज आणि तोट्याच्या सौद्यांची बेरीज, दोन्ही उणे चिन्ह काढून मिळवायची. समजा फायदे ५,१०,००० आणि तोटे ८,३०,००० असतील तर उलाढाल १३,४०,००० आणि निव्वळ तोटा ३,२०,०००. ब्रोकरच्या पत्रकात हे दोन आकडे असतात.

ऑडिटबद्दल एक सल्ला बाजारात फिरतो, तोही इथे सांगतो, कारण कुणीतरी तुमच्या कानावर घालेलच: ऑडिट करून घ्या म्हणजे तुमची मुदत ऑडिटवाल्यांची होईल आणि तोटा वाचेल. ऑडिटवाल्यांची तारीख यंदा १० डिसेंबरपर्यंत वाढली होती, म्हणून हा सल्ला मोहात पाडणारा आहे. पण लांबची मुदत मिळते ती कायद्याने ऑडिट बंधनकारक असलेल्यांना. तुमची उलाढाल एक कोटीच्या जवळपासही नसेल आणि पूर्वी कधी अनुमानित योजनेखाली, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी, धंद्याचे उत्पन्न दाखवले नसेल, तर ऑडिट तुम्हाला लागूच नाही. हौसेने करून घेतलेल्या ऑडिटने तारीख सरकत नाही. ऑडिटची फी जाईल आणि तोटा तरीही नाकारला जाईल.

सबमिट करण्याआधी रिटर्नमधली तीन परिशिष्टे एकेक करून उघडा. Schedule CYLA मध्ये व्याजासमोर धंद्याचा तोटा ३८,००० वळता झालेला दिसला पाहिजे. BFLA मध्ये मागच्या वर्षांचे तोटे वळते होतात, तिथे यंदा काही वळते होणार नाही. CFL मध्ये मागच्या वर्षीच्या ओळीत अल्पकालीन तोटा ६०,००० दिसला पाहिजे आणि यंदाचे एफ अँड ओ, इंट्राडे, शेअरचे तोटे पुढे जाताना दिसता कामा नयेत. कुणी चुकून किंवा मुद्दाम रिटर्न १३९(१) खाली वेळेत भरल्यासारखे दाखवून ते आकडे तिथे ठेवले, तर ते टिकणार नाहीत. रिटर्न भरल्याची तारीख खात्याच्या नोंदीत असते, आणि १४३(१) च्या छाननीत हा तोटा काढून टाकण्याची तरतूद कायद्यातच आहे. पुढच्या वर्षी त्याच्या भरवशावर नफा लपवलात तर करासह व्याज भरावे लागेल.

सबमिट झाल्यावर लगेच, त्याच बैठकीत, आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. त्यासाठी ३० दिवस मिळतात, पण ते उलटून व्हेरिफाय केले तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्नची तारीख धरली जाते, आणि नोटिशीची मुदत तुमच्या हातून निसटते. मग e-Proceedings मध्ये परत जाऊन रिटर्नचा पावती क्रमांक उत्तर म्हणून टाका. रिटर्न भरले की नोटिशीचे उत्तर आपोआप गेले असे समजू नका. नोटिशीत रिटर्नशिवाय ब्रोकरचे पत्रक किंवा बँकेचे स्टेटमेंट मागितले असेल तर तेही तिथेच जोडा.

नोटिशीकडे पाठ फिरवली तर काय? कलम २७२ए खाली अवज्ञेसाठी १०,००० रुपये दंड होऊ शकतो आणि अधिकारी कलम १४४ खाली स्वतःच्या अंदाजाने आकारणी करू शकतो. तुमच्या बाबतीत खरी भीती याच आकारणीची आहे. अधिकाऱ्यासमोर विक्रीच्या रकमा असतील आणि खरेदीचा पुरावा द्यायला तुम्ही नसाल. प्रत्यक्षात १,८०,००० तोटा झालेल्या माणसावर नफ्याचा कर लागू शकतो, आणि तो उतरवायला अपिलात जावे लागते.

यंदाचे वर्ष सोडून देऊन नंतर अपडेटेड रिटर्न भरू, असा विचार असेल तर तोही सोडा. कलम १३९(८ए) खाली तोट्याचे अपडेटेड रिटर्न भरता येत नाही, आणि भरायचे असेल ते जादा कर देऊनच.

बुडालेला तोटा वाचवायचा एकच कायदेशीर मार्ग उरतो: कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज. सीबीडीटी, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, यांच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक ११/२०२४ प्रमाणे परतावा आणि तोटा पुढे नेणे या दोन्हींसाठी असा अर्ज करता येतो. दाव्याची रक्कम एक कोटीपर्यंत असेल तर तो तुमच्या क्षेत्राच्या प्रधान आयकर आयुक्तांकडे किंवा आयुक्तांकडे जातो. मुदत आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षे, म्हणजे तुमच्यासाठी ३१ मार्च २०३१ पर्यंत. पण कारण खरे अडचणीचे हवे आणि कागदाने सिद्ध व्हायला हवे: गंभीर आजारपणातले दवाखान्याचे कागद, घरातल्या कर्त्या माणसाचा मृत्यू, पुरात किंवा आगीत गेलेली कागदपत्रे. "तोटा होता म्हणून भरले नाही" किंवा "टीडीएस कापला होता म्हणून गरज वाटली नाही" यावर उशीर माफ होईल असे मला वाटत नाही, आणि तुम्ही जे कारण लिहिले आहे ते हेच आहे. दुसरे काही खरे कारण असेल तरच अर्जाचा विचार करा. अर्ज करायचा ठरला तरी नोटिशीचे दिवस त्याने थांबत नाहीत. रिटर्न आधी, अर्ज त्याच्या जोडीने.

अर्ज करावा की नाही हे ठरवताना पुढे तुमच्या हाती काय लागणार तेही बघा. पुढे नेलेला धंद्याचा तोटा पुढच्या वर्षांत फक्त धंद्याच्या नफ्यातून वळता होतो, व्याजातून किंवा पगारातून नाही. एफ अँड ओ बंद करायचे ठरवले असेल तर ते २,८२,००० वाचवूनही उपयोगी पडणार नाहीत. शेअर चालू ठेवणार असाल तर ९०,००० च्या अल्पकालीन तोट्याला किंमत आहे.